घरचं युनिट की फास्ट चार्जरचं? ठाण्याच्या वीजबिलावरून मांडलेला हिशेब

प्रश्न: "घोडबंदर रोडला राहतो. घरी महिन्याला २८० युनिट होतात, मे महिन्यात एसीमुळे ४२० पर्यंत जातात. इलेक्ट्रिक गाडी घेतोय, महिन्याला हजार किलोमीटर तरी धावेल. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर घरचा दर साडेअकरा रुपये येतो. जवळचा फास्ट चार्जर १८ रुपये अधिक जीएसटी घेतो. म्हणजे घरचं चार्जिंग जवळजवळ निम्म्यात, बरोबर ना? की सोसायटीत वेगळं मीटर घ्यावं?"

साडेअकरा हा आकडा चुकीचा नाही, पण तो तुमच्या फ्रिजचा, पंख्यांचा, टीव्हीचा सरासरी दर आहे. गाडीचा नाही. गाडी तुमच्या बिलात सगळ्यात शेवटी येऊन बसते, आणि आपल्याकडे शेवटचं युनिट सगळ्यात महाग असतं. दुसरी गोष्ट म्हणजे घरचं युनिट सॉकेटच्याही आधी, मीटरपाशी मोजलं जातं आणि फास्ट चार्जरचं युनिट गाडीच्या तोंडाशी. दोन्हीला आपण युनिटच म्हणतो, पण बॅटरीत त्यातलं सारखंच पोचत नाही. या दोन गोष्टी हिशेबात घेतल्या की निम्म्याचा फरक कुठल्या कुठे जातो. किती जातो ते तुमच्याच आकड्यांवर करून बघू.

मी ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांची वायरिंगची कामं घेतो. गेली काही वर्षं त्यात पार्किंगमधल्या चार्जरची कामं बरीच असतात, आणि तीन वर्षांपासून स्वतःही इलेक्ट्रिक गाडी चालवतो. त्यामुळे खालचे काही आकडे दरपत्रकातले आहेत, काही मी सब-मीटर लावून बघितलेले आहेत. कुठला कुठला ते सांगत जाईन.

आधी दर. मी महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकातले घरगुती दर धरतोय, वीज आकार आणि १ रुपया १७ पैसे वहन आकार मिळून. पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि ५०० च्या पुढे १७.८१. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दर बदललेले आहेत, शिवाय इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वर-खाली होतो, तो मी धरलेला नाही. तेव्हा ताजं बिल हातात घ्या आणि माझ्या आकड्यांच्या जागी त्यातले घाला. पद्धत तीच राहते. कळवा-मुंब्र्याकडे बिल फ्रँचायझी कंपनीचं येतं, पण दर महावितरणचेच असतात. मात्र मुंबई शहरातल्या कुणाचा व्हिडिओ बघून हिशेब करू नका. त्यांची वीज कंपनी वेगळी, स्लॅब वेगळे, दर वेगळे.

एक गैरसमज इथेच मिटवतो, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कुणीतरी तो काढतंच. "३०० च्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं." तसं नाही. ३०० च्या वरची जी युनिटं आहेत तेवढीच वरच्या दराने लागतात, खालची आपापल्या दरातच राहतात. म्हणून तर तुमची सरासरी साडेअकरा येते. १०० युनिटांचे ५८८, पुढच्या १८० चे २०६२.८०, त्यात साधारण १३० स्थिर आकार, वर १६ टक्के शुल्क, मिळून ३२२६ रुपये. भागिले २८० म्हणजे ११.५२. तुमचं गणित पक्कं आहे. फक्त त्यात गाडी अजून आलेलीच नाही.

आता गाडी आणू. हजार किलोमीटरला बॅटरीतून किती युनिट जातील? छोट्या-मध्यम गाडीला ठाण्याच्या रहदारीत एका युनिटला सात किलोमीटर हा मला रास्त आकडा वाटतो. तुमची मोठी एसयूव्ही असेल तर सहा धरा, पाय हलका असेल तर आठ. सातने हजाराला १४३ युनिट. पण ही १४३ बॅटरीतून निघालेली आहेत. ती भरायला सॉकेटमधून जास्त ओढावी लागतात.

किती जास्त, हे मी माझ्या गाडीवर मोजलंय. पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटच्या आधी साधा सब-मीटर बसवलाय. एका रात्री गाडी २० टक्क्यांवर असताना साडेदहाला लावली, तेव्हा मीटर १४८२.३ दाखवत होता. सकाळी सातच्या सुमाराला ८० टक्के झाले तेव्हा १५०९.९. म्हणजे २७.६ युनिट गेली. माझ्या बॅटरीत वापरण्याजोगी ४० युनिट मावतात, तिचे ६० टक्के म्हणजे २४. सत्तावीस पॉइंट सहामधली चोवीस पोचली, ८७ टक्के. बाकीची तीन-साडेतीन कुठे गेली? घरची वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. ते रूपांतर गाडीच्या आतला चार्जर करतो आणि करताना तापतो. शिवाय गाडी चार्ज होत असते तेवढा वेळ तिची कंट्रोल यंत्रणा जागी असते, कधी पंखा, कधी कूलंटचा पंप चालू होतो. स्लो चार्जिंगमध्ये हा जागरणाचा खर्च आठ-साडेआठ तास चालतो. ७.२ किलोवॅटच्या वॉल-बॉक्सवर वेळ निम्म्याच्या आत येतो, त्यामुळे गळती थोडी कमी दिसते. एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण टक्केवारी गाडी आपली अंदाजाने दाखवते. मी पाच-सहा वेळा बघितलं आणि ८५ ते ९० च्या मध्येच आलं, म्हणून ८७ धरतो.

तर १४३ भागिले ०.८७ म्हणजे १६४ युनिट. गाडीची ही १६४ युनिट तुमच्या बिलात २८० च्या वर चढणार. पहिली २० युनिट ३०० पर्यंतच्या दरात मावतील, २२९ रुपये. उरलेली १४४ युनिट १५.७२ च्या स्लॅबमध्ये, २२६४ रुपये. बेरीज २४९३, वर १६ टक्के शुल्क, म्हणजे २८९२ रुपये. बॅटरीतल्या एका युनिटला २० रुपये २२ पैसे, किलोमीटरला २ रुपये ८९ पैसे. साडेअकराच्या जागी सव्वावीस.

मे महिन्यात घर स्वतःच ४२० वर असतं. तेव्हा ८० युनिट १५.७२ ने आणि ८४ युनिट १७.८१ ने, शुल्कासकट ३१९४ रुपये. बॅटरीतलं युनिट २२ रुपये ३४ पैसे.

आता फास्ट चार्जर. अठरावर १८ टक्के जीएसटी लावला की २१.२४. इथे एसीचं डीसी करणारं यंत्र चार्जरच्या मोठ्या कपाटात असतं, त्याची गळती चार्जरवाल्याच्या खात्यात, आणि साधारणपणे बिल बंदुकीतून गाडीत गेलेल्या डीसी युनिटांचं होतं. म्हणून तुमच्या बाजूची गळती कमी असते. तरी शून्य नसते. जोरात चार्ज होताना बॅटरी तापते, तिला थंड ठेवायला गाडी त्यातलीच थोडी वीज खाते. मी ९५ टक्के पोचतात असं धरतो. हे अनुभवावरून, मीटर लावून नव्हे. २१.२४ भागिले ०.९५ म्हणजे २२ रुपये ३६ पैसे.

बाविस चौतीस आणि बाविस छत्तीस. मे महिन्यात तुमचं घर आणि तो चार्जर दोन पैशांच्या फरकाने एका भावात. एरवीच्या महिन्यात घर साधारण २ रुपयांनी स्वस्त.

वर्षाचं बघा. नऊ महिने २८९२ आणि उन्हाळ्याचे तीन महिने ३१९४ धरले तर घरचे ३५,६१० रुपये. सगळं फास्ट चार्जरवर केलं तर महिन्याला ३१९७, वर्षाला ३८,३६४. फरक पावणेतीन हजार. घरी चार्जिंग करावं यात वाद नाही, पण त्याचं कारण तुमच्या बाबतीत पैसा नसून झोप आहे. रात्री गाडी लावून माणूस झोपतो, सकाळी ती भरलेली असते.

दर वेळी एवढी आकडेमोड करावी लागू नये म्हणून मी एक आडाखा वापरतो. घरच्या स्लॅबचा दर, वीज अधिक वहन, शुल्काच्या आधीचा घ्यायचा आणि त्यात सात टक्के मिळवायचे. येईल तो आकडा म्हणजे जीएसटीच्या आधीचा बरोबरीचा फास्ट चार्जर. सात टक्के कुठून आले? घरच्या बाजूला १६ टक्के शुल्क आणि ८७ टक्के पोच, चार्जरच्या बाजूला १८ टक्के जीएसटी आणि ९५ टक्के पोच:

```
F = H × (1.16 / 0.87) × (0.95 / 1.18)
F = H × 1.0734
```

यात H तुमच्या वरच्या स्लॅबचा दर आणि F चार्जरचा जीएसटीआधीचा दर. तुमची गाडी ११.४६ च्या स्लॅबमध्ये बसत असेल तर चार्जर १२ रुपये ३० पैशांचा मिळाला तरच बरोबरी होईल, आणि तसा डीसी चार्जर मी तरी आपल्या भागात बघितलेला नाही. १५.७२ ला बरोबरी १६.८७ वर होते. १७.८१ ला १९.१२ वर, म्हणजे तिथे अठराचा चार्जर घरापेक्षा स्वस्त. गाडी किती मायलेज देते हे या तुलनेत येतच नाही, दोन्हीकडून ते कटतं. मायलेजचा संबंध एवढाच की गाडी जास्त वीज खाणारी असेल तर ती तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये लवकर ढकलते.

मग मे महिन्यातली ती वरची ८४ युनिट तरी बाहेर भरावीत का? मीही हे करून बघितलंय, म्हणून सांगतो, नको. घरी त्यांचे १७३५ रुपये होतात, बाहेर तेवढंच बॅटरीत घालायला १६३४. शंभर रुपये वाचतात आणि त्यासाठी तीनदा चार्जरवर जाऊन बसावं लागतं.

तेही चार्जर वाटेवर असेल तर. वाट वाकडी करून गेलात, जाऊन-येऊन सहा किलोमीटर, की १८-१९ रुपयांची वीज तिथेच गेली. २५ युनिट भरली तर ते युनिटमागे ७५ पैसे. चार्जर मॉलच्या तळघरात असेल आणि पार्किंगचे ६० रुपये लागले तर युनिटमागे आणखी २ रुपये ४० पैसे. २१.२४ चं युनिट बघता बघता साडेचोवीसच्या घरात जातं. अ‍ॅपवर दाखवलेला दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हे पहिल्या बिलावरच तपासा. दोन्ही प्रकार आहेत. १८ आणि २१.२४ मध्ये महिन्याला पाचशे रुपयांचा फरक पडतो. काही ठिकाणी चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच लावून ठेवली तर मिनिटामागे पैसे लागतात, तेही बघून ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वेगळं मीटर. हजार किलोमीटरच्या वापरात तुमचा खरा फायदा इथे आहे. महावितरणच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगचा वेगळा प्रवर्ग आहे. त्याला घरासारखे चढते स्लॅब नसतात. पहिल्या युनिटाला जो दर तोच शेवटच्याला, शिवाय मंजूर भाराप्रमाणे केव्हीएमागे स्थिर आकार. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायची सोय स्पष्ट केली, त्यामुळे "असं मीटर मिळत नाही" हे उत्तर कुठे मिळालं तर ते ऐकून घरी येऊ नका.

या प्रवर्गाचा चालू दर कार्यालयातून किंवा महावितरणच्या दरपत्रकातून घ्या. हिशेबासाठी मी सगळं धरून युनिटला ९ रुपये आणि महिन्याला ४०० रुपये स्थिर आकार असं समजतो. १६४ गुणिले ९ म्हणजे १४७६, अधिक ४००, म्हणजे १८७६ रुपये. किलोमीटरला १ रुपया ८८ पैसे. वर्षाला २२,५१२. घरच्या मीटरवरच्या ३५,६१० शी ताडून बघा, तेरा हजारांचा फरक आहे.

पण मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल न्यायची असते आणि खर्चाचं सगळं रामायण तिथे घडतं. मीटर रूम तळमजल्यावर आणि तुमची जागा तिसऱ्या पोडियमवर असेल तर केबल, ट्रे, भोकं, एमसीबी, अर्थिंग, मीटरची पेटी आणि अर्जाचे पैसे धरून चाळीस हजारांचा अंदाज मी सहज देतो. पार्किंग मीटर रूमच्या बाजूलाच असेल तर त्याच्या निम्म्यातही होतं. चाळीस हजार धरले तर तुमचे तीन वर्षांत वसूल होतात. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर करा.

हाच प्रश्न मला एका बिल्डिंगमध्ये दोघांनी एकाच आठवड्यात विचारला होता आणि मी दोन वेगळी उत्तरं दिली. एक घर तुमच्यासारखं. दुसऱ्या घरात काका-काकू दोघंच, एसी नाही, महिन्याला ९० युनिट. त्यांनीही गाडी हजार किलोमीटरच चालवायची धरली. त्यांच्या मीटरवर गाडीची पहिली दहा युनिटं ५.८८ ने लागतील आणि उरलेली १५४ सगळी ११.४६ ने. शुल्कासकट २११५ रुपये. वेगळ्या मीटरचे १८७६. महिन्याला २३९ रुपये वाचवायला चाळीस हजार घालायचे, म्हणजे चौदा वर्षं. काकांना म्हटलं, घरच्या मीटरवरूनच जोडून घ्या. ते जरा खट्टू झाले, कारण शेजाऱ्याचं वेगळं मीटर बघून त्यांनाही हवं होतं.

घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी किंवा वेगळा दर लागत नाही, घरगुती दरच लागतो. मंजूर भार मात्र पुरला पाहिजे. स्लो चार्जर ३.३ किलोवॅटचा. रात्री दोन एसी, गिझर आणि गाडी एकदम चालली आणि भार तीन-चार किलोवॅटचाच असला तर अडचण येणार.

वेगळं मीटर घेताना भार किती मागायचा, इथे लोक हमखास जास्त मागतात. गाडीबरोबर ७.२ किलोवॅटचा वॉल-बॉक्स येतो, म्हणून भारही तेवढाच. तुमची गरज बघा. १६४ युनिट भागिले ३० म्हणजे रोज साडेपाच युनिट. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पावणेदोन तासांचं काम. गाडी रात्री दहा तास उभी असते. भार दुप्पट घेतला की त्याचा स्थिर आकार गाडी चालवा न चालवा, दर महिन्याला भरत राहा. ७.२ वर गळती दोन-तीन टक्के कमी होईल, म्हणजे महिन्याला पाचेक युनिट, पंचेचाळीस रुपये. वाढलेला स्थिर आकार त्याहून जास्त असतो. रोज दोनशेच्या वर किलोमीटर फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला ७.२ लागतो.

केबलचाही गळतीशी संबंध आहे आणि तो मला फारसा कुणी विचारत नाही. मीटर रूमपासून ४० मीटरवर सॉकेट आहे असं समजा. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं. अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर तिचा रोध साधारण ०.६ ओहम. स्लो चार्जर १४ अँपिअर ओढतो. चौदाचा वर्ग १९६, गुणिले ०.६, म्हणजे जवळपास ११५ वॅट वायरच गरम करायला जातात, साडेतीन टक्के. सहा स्क्वेअर एमएमची टाकली तर ५० वॅटच्या आत. आणि मीटर केबलच्या आधी, मीटर रूममध्ये असल्यामुळे ही गळती तुमच्याच बिलात येते. १५.७२ च्या स्लॅबमध्ये या दोन वायरींतला फरक महिन्याला साठ-पासष्ट रुपयांचा आहे. फार नाही, पण दर महिन्याला आणि गाडी असेपर्यंत. अडीचची वायर लांबवर टाकणारा कॉन्ट्रॅक्टर कोटेशन कमी का देतोय ते यातून कळेल.

सॉकेटचीही एक खूण सांगून ठेवतो. आठवड्यातून एकदा, गाडी तासभर चार्ज झाल्यावर, प्लगच्या वरून हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा पिनेभोवती प्लास्टिकला चहाच्या डागासारखी तपकिरी कड दिसली, तर आत संपर्क सैल झालाय. बिलात त्याची वीस-तीस वॅटची गळती दिसणारही नाही, पण तेवढी उष्णता एका पिनेवर रात्रभर साचते. माझ्या पहिल्या सॉकेटला हे झालं होतं, चार महिन्यांत. चांगल्या बनावटीचा इंडस्ट्रियल सॉकेट टाकला, तेव्हापासून ठीक आहे.

तुमची सोसायटी आणखी एक मार्ग सुचवेल. "वेगळं मीटर कशाला, कॉमन मीटरवरून देतो, सब-मीटर लावा आणि युनिटप्रमाणे पैसे द्या." ऐकायला सोपं आहे. पण कॉमन मीटरवर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे असतात, महिन्याला हजारो युनिट. तिथे गाडीचं प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये बसतं. १७.८१ वर शुल्क लावलं की २०.६६. सेक्रेटरीने युनिटला २०.६६ रुपये सांगितले तर तो लुटत नाहीये, त्याला तेवढंच पडतं. पण तुम्हाला ८७ टक्के पोचीने बॅटरीतलं युनिट पावणेचोवीसला पडलं, अठराच्या फास्ट चार्जरपेक्षा महाग. ही व्यवस्था पाहुण्याच्या गाडीसाठी ठीक, रोजच्यासाठी नाही. चार-पाच गाड्या असतील तर सोसायटीनेच वाहन चार्जिंग प्रवर्गातली एक जोडणी घ्यावी आणि तिच्यामागे सब-मीटर लावावेत. केबलचा मोठा खर्च वाटला जातो आणि वर काढलेला चाळीस हजारांचा आकडा प्रत्येकी बराच खाली येतो. तुमच्या बिल्डिंगमध्ये आणखी कुणी गाडी घेतंय का, हे अर्ज करण्याआधी नोटीस बोर्डावर विचारून टाका.

"रात्री वीज स्वस्त असते म्हणून रात्री लावा" हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जी वेळेनुसार सवलत आहे ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतली आहे, युनिटला साधारण ८० पैसे. सौरऊर्जा तेव्हा मुबलक असते म्हणून. त्या वेळी तुमची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असणार. घरच्या मीटरवर रात्री लावण्याचा फायदा एवढाच की घरातला बाकीचा भार तेव्हा कमी असतो. शनिवार-रविवारी घरी असाल तर दुपारी लावा, तेवढेच चार पैसे सुटतील. वाहन प्रवर्गाच्या मीटरला वेळेचे पट्टे वेगळे असू शकतात, ते जोडणी घेताना विचारून लिहून घ्या.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा लागतो: वेगळं मीटर किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपये, घरचं मीटर २.८९ ते ३.१९, वाटेवरचा अठराचा फास्ट चार्जर ३.२०, कॉमन मीटर ३.४०. घरी सोलर किंवा ९० युनिटांचं बिल असणाऱ्याचा क्रम वेगळा लागेल.

गाडी यायला अजून महिना-दीड महिना असेल. तेवढ्यात दोन गोष्टी करा. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याच्या युनिटांत १६४ मिळवून ती कुठल्या स्लॅबमध्ये जातात ते लिहा. हिवाळ्यात तुमचं घर २०० वर येत असेल तर तेव्हा गाडीची शंभर युनिटं ११.४६ मध्येच बसतील आणि वेगळ्या मीटरची वसुली तीनऐवजी साडेतीन-चार वर्षांवर जाईल. आणि मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत टेप घेऊन चाला, भिंतीच्या कडेने, जशी केबल जाईल तशी. सरळ रेषेत २२ मीटर दिसणारं अंतर वळणं आणि चढ धरून ४० भरतं, आणि कोटेशन त्या चाळीसचं येतं.